पाण्याच्या मेसेजमधला सहावा मुद्दा

बावीस मिनिटं मी कानाला फोन आणि कडेला लेक अशी उभी होते. पलीकडे एक बाई दर अर्ध्या मिनिटाला मला सांगत होती की माझा कॉल त्यांच्यासाठी महत्त्वाचा आहे. तेविसाव्या मिनिटाला खरीखुरी बाई बोलली आणि तिच्या आवाजावरून लगेच कळलं की तो तेवढासा महत्त्वाचा नाही.

"पाणीपुरवठा. बोला."

मी बोलले. आठ महिन्यांची मुलगी, पंधरा दिवसांत दोनदा पोट बिघडलं, डॉक्टर म्हणाले पाणी तपासा, आमच्या नळाला सकाळी पिवळट पाणी येतं, वास येतो, गाळून उकळून देतेय पण... एवढं एका दमात. नवरा म्हणतो मी पत्र वाचल्यासारखी बोलते. म्हणू दे. पत्र आधी लिहून काढलंच होतं, समोरच्या वहीत.

"ग्राहक क्रमांक सांगा," ती म्हणाली.

तोही वहीत होता.

वहीबद्दल एकदाच सांगते, म्हणजे पुन्हा सांगायला नको. लेकीचं, म्हणजे आमच्या टिंगूचं, पोट पहिल्यांदा बिघडलं त्या दिवसापासून मी रोज सकाळी नळाचं पाणी एका रिकाम्या औषधाच्या बाटलीत भरून खिडकीत ठेवत होते आणि वहीत तारीख, वेळ, रंग, वास असं लिहीत होते. खिडकीत अकरा बाटल्या झाल्या होत्या. पहिली चहासारखी, बाकीच्या कमीजास्त फिक्या चहासारख्या. नवरा तिकडे बघून म्हणायचा, "प्रयोगशाळा छान आहे, पण मी चष्मा कुठे ठेवू?"

फोनवरच्या ताईंनी, आवाज थकलेला असला तरी, सगळं नीट सांगितलं. एकेक वाक्य दोनदा. मी लिहून घेतेय हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण मधेच म्हणाल्या, "स्वल्पविराम पण सांगू का?" मी म्हटलं, नको, ते मी घालीन. मग हसल्या. नंतरचं सगळं सोपं झालं. फोन ठेवायच्या आधी एक गोष्ट त्यांनी न विचारता सांगितली.

"मीटर आणि टाकीच्या मधे मोटर तर नाही ना लावलेली? थेट लाइनवर?"

टिंगूने तेवढ्यात वहीचं पान फाडलं.

"असेल तर काढा," त्या म्हणाल्या. "मोटर पाइपातून ओढते. पाइपला कुठे भोक असलं आणि शेजारून गटार जात असलं, तर तेही ओढते. शिवाय सापडली तर जप्त होते आणि नळ तोडतात. लिहिलंत?"

"लिहिलं," मी म्हटलं.

आणि मी ते लिहिलंच होतं. माझा हात कधी थांबत नाही, माझं मन थांबतं.

आमच्या इमारतीत चौदा घरं. मीटर खाली जिन्याशेजारच्या जाळीच्या खोलीत, तिथून पाइप जमिनीखालच्या टाकीत, टाकीतून पंपाने पाणी गच्चीवर, गच्चीवरून सगळ्यांच्या नळाला. जाळीच्या खोलीची किल्ली सेक्रेटरीकाकांकडे. हे काका म्हणजे तळमजल्यावरचे. पूर्वी एका कंपनीत खरेदी विभागात होते, निवृत्त झाल्यापासून इमारतीची खरेदी करतात. आणि त्या जाळीच्या खोलीत, मीटरच्या पुढे आणि टाकीच्या अलीकडे, एक निळी मोटर होती. सगळ्यांना माहीत होतं. कुणीच बोलत नव्हतं.

आणि ती तिथे का होती, हे मला जरा जास्तच माहीत होतं. गेल्या वर्षी, टिंगू पोटात असताना, दुपारी बाराला गच्चीवरची टाकी रिकामी व्हायची. सातव्या महिन्यात मी बादल्या उचलत नाही, असं मी काकांना कळवलं. सविस्तर. पाच मुद्द्यांत. चौथ्या मुद्द्यात "तातडीने काहीतरी यांत्रिक उपाय करावा" असे शब्द होते. आठवड्यात निळी मोटर आली. काका तेव्हा जिन्यात भेटले तर म्हणाले, "बघ, तुझ्यासाठी यांत्रिक उपाय केला. आता निवांत बाळंत हो."

मी निवांत बाळंत झाले. आणि आता खिडकीत अकरा बाटल्या.

दुपारी टिंगू झोपल्यावर मी इमारतीच्या ग्रुपवर मेसेज लिहायला बसले. पहिले पाच मुद्दे वीस मिनिटांत झाले. सहाव्याला चौदा मिनिटं लागली. दोनदा लिहिला, दोनदा पुसला. न लिहून चाललं असतं. पण ताईंनी सांगितलेल्यापैकी हे सोडून बाकीचं लिहायचं म्हणजे मला हवं तेवढंच ऐकायचं. शेवटी असं गेलं:

"नमस्कार. आज सकाळी पाणीपुरवठा खात्याशी फोनवर बोलले. त्यांनी सांगितलेलं थोडक्यात:

१. मुख्य जलवाहिनीचं काम चालू असल्याने पुढचे तीन आठवडे पाणी सकाळी ६.१० ते ७.०० रोज. संध्याकाळी ५.३० ते ६.०० फक्त सोमवार, बुधवार, शुक्रवार. गुरुवारी पूर्ण बंद. शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने येईल. वेळ दहापंधरा मिनिटं मागेपुढे होऊ शकते.

२. पाणी आल्यावर पहिली पाच मिनिटं टाकीत घेऊ नका, वाहू द्या. (गुरुवारनंतर जास्त वेळ.) पिण्याचं पाणी उकळूनच.

३. तक्रार करताना आपला ग्राहक क्रमांक द्यायचा, तो बिलावर उजवीकडे वर आहे, सगळ्या इमारतीचा एकच. प्रकार 'दूषित पाणी' असा सांगायचा, 'पाणी येत नाही' असा नाही. दोन्हीकडे वेगळी माणसं येतात. मी आज 'दूषित पाणी' अशी तक्रार नोंदवली आहे. एका नळजोडाला एकच तक्रार चालते, कृपया पुन्हा नोंदवू नये.

४. ४८ तासांत माणूस पाण्याच्या वेळेतच येईल आणि टाकीच्या आधीच्या नळातून नमुना घेईल. जाळीची खोली उघडी हवी आणि कुणीतरी हजर हवं. नाहीतर 'ग्राहक गैरहजर' म्हणून तक्रार बंद होते.

५. तक्रार बंद झाल्याचा एसएमएस नोंदलेल्या नंबरवर, म्हणजे सेक्रेटरीकाकांना येईल. समाधान नसेल तर दोन दिवसांत कळवायचं. मग तक्रार क्रमांक घालून कनिष्ठ अभियंत्यांना लेखी, त्यांच्याकडूनही झालं नाही तर उपअभियंत्यांना.

६. येणारा माणूस मीटर ते टाकी हा पाइपही बघतो. थेट लाइनवर मोटर असल्यास ती जप्त होते व नळजोड तोडला जाऊ शकतो. तसंच अशी मोटर, पाइप फुटका असेल तर, बाहेरची घाण आत ओढते."

पाठवला. मोबाइल पालथा ठेवला. मग सुलटा केला.

आमच्या ग्रुपचा वेग मला माहीत आहे. दोन मिनिटांत वरच्या वहिनींचं आलं, "पाणी कधी येणार?" या चौथ्या मजल्यावर राहतात, त्यांचा स्वतःचा मुलगा परदेशात असल्याने माझ्या मुलीला त्या हक्काने दटावतात. मी लिहिलं, "वहिनी, मुद्दा एक." त्यांनी लिहिलं, "हो, पण किती वाजता?" मग पहिल्या मजल्यावरच्या गणिताच्या बाई, शाळेतून निवृत्त, अजूनही लाल शाईत विचार करतात. त्यांनी लिहिलं, "रोज सकाळी म्हटलंय आणि गुरुवारी बंद म्हटलंय. मग रोज कसं?" हे बरोबर होतं. मी माफी मागितली. कुणीतरी जोडलेले हात पाठवले. कुणीतरी एक गुलाबाचं फूल पाठवलं, ते पाण्याशी कसं संबंधित होतं ते कळलं नाही.

सहाव्या मुद्द्यावर कुणी काहीही लिहिलं नाही. चौदा घरांत एकालाही शंका नाही, एकही अंगठा नाही. आमच्या ग्रुपवर अशी शांतता मी पहिल्यांदाच बघितली.

संध्याकाळी दार वाजलं. सेक्रेटरीकाका. हातात काही नाही, म्हणजे काम अवघड होतं. एरवी त्यांच्या हातात कायम एखादी पावती असते.

"काय म्हणतेय आमची छोटी?" त्यांनी टिंगूला विचारलं. टिंगूने त्यांच्या बोटाला धरलं. मग माझ्याकडे, "मेसेज छान लिहिलास हो. अगदी कार्यालयीन. फक्त तो सहावा..."

"खात्याने सांगितलं ते लिहिलं, काका."

"खातं काहीही सांगतं. आपण सगळं लिहायचं असतं का? लोक घाबरतात. आता तीन नंबरवाल्यांचं घर विकायचं चाललंय, उद्या हा मेसेज कुठे गेला तर?"

"कुठे जाणार? आपल्याच ग्रुपवर आहे."

काका माझ्याकडे जरा कीव आल्यासारखे बघत राहिले. मग म्हणाले, "पुसून टाक. सगळ्यांसाठी पुसायचं बटण असतं ना? आणि पहिले पाच मुद्दे परत पाठव."

नवरा आतून म्हणाला, "काका, ती पुसणार नाही. ती माझ्या चुकाही पुसत नाही."

मी त्याला डोळे दाखवले, पण आतून मला त्याचं बरं वाटलं. काकांना म्हटलं, "मोटर काढून टाकली तर? मग मुद्दा सहाला घाबरायचं कारणच उरत नाही."

"मोटर काढली तर दुपारी बाराला टाकी रिकामी." काका उठले. दारात थांबून अगदी मायेने म्हणाले, "आणि ती बसवायला मला कुणी सांगितलं, ते मी कुणाला सांगितलेलं नाही हो. माझ्या पोटात आहे."

त्यांच्या पोटात जे होतं ते माझ्याही पोटात गेलं आणि तिथे बसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर माझा मेसेज मलाच परत आला होता. माझ्या नणंदेकडून. ती दोन रस्ते पलीकडे राहते. वर लिहिलं होतं, "वहिनी, हे वाच, फार महत्त्वाचं आहे." वाचला. पाचच मुद्दे होते. "दहापंधरा मिनिटं मागेपुढे" निघून गेलं होतं. "आज मी तक्रार नोंदवली आहे" च्या जागी "त्वरित तक्रार नोंदवा" आलं होतं. खाली लिहिलं होतं, "जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा." आणि त्याखाली जोडलेले हात तीन.

त्या दुपारी जाळीच्या खोलीतून पाना आपटल्याचे आवाज येत होते. मी टिंगूला घेऊन जिन्यात गेले तेव्हा काका आणि त्यांचा नेहमीचा प्लंबर घाम पुसत होते. निळी मोटर पोत्यात गुंडाळून काकांच्या घरात चालली होती. जिथे ती होती तिथे आता पाइपचा एक नवाकोरा तुकडा चकाकत होता.

"दोनच दिवस," काका मला म्हणाले. "तो येऊन जाऊ दे."

"आणि मग?"

"मग परत. प्लंबरला सांगून ठेवलंय."

प्लंबरने मान डोलावली. बिचाऱ्याला दोनदा काम मिळणार होतं.

मी वरती आले. आता खरं सांगते, तेव्हा मला पाणी सुधारेल हे सुचलंच नव्हतं. ताईंनी सांगितलेलं वाक्य मी दोन ठिकाणी लिहून ठेवलं होतं, आणि तरी माझ्या डोक्यात तो दंडाचाच मुद्दा होता. लिहून घेतलं की समजलं असं वाटण्याची मला शाळेपासून सवय आहे.

बुधवारी सकाळी सहा वाजता जाळीच्या खोलीपाशी आम्ही चौघं. काका इस्त्रीच्या शर्टात. गणिताच्या बाई, कारण त्यांना वेळ सहा दहाच आहे का ते पडताळायचं होतं. वरच्या वहिनी, कारण बाकीचे तिथे होते. आणि मी, कडेला टिंगू, खिशात रिकामी औषधाची बाटली.

सहा बाराला माणूस आला. पन्नाशीचा, पिशवी खांद्याला, चपलेला चिखल. त्याने आधी मोबाइल काढला. "इमारतीचं नाव बघतो हं." मग स्क्रीनवर बोट सरकवत म्हणाला, "कालपासून एक मेसेज आमच्याच ऑफिसच्या ग्रुपवर फिरतोय. आमच्या साहेबांनी विचारलं, हे परिपत्रक कुणी काढलं? कुणालाच माहीत नाही. पण काम सोपं झालं. काल दिवसभरात तिघांनी मला माझ्याच खात्याची वेळ सांगितली."

"किती वाजताची?" गणिताच्या बाई.

"सहा दहा."

बाईंनी घड्याळाकडे बघून त्याचे दोन मिनिटांचे गुण कापले.

पाणी आलं होतं. त्याने टाकीच्या आधीचा नळ फडक्याने पुसला, त्यावर स्पिरिट लावलं, पाणी दोनतीन मिनिटं वाहू दिलं. मग एका छोट्या काचेच्या नळीत पाणी घेऊन एक गोळी टाकली. पाणी गुलाबी झालं.

"क्लोरीन आहे," तो म्हणाला. "चांगलं आहे." मग निर्जंतुक बाटलीत तपासणीसाठी नमुना भरला, झाकण लावलं, नाव लिहिलं.

मी माझी औषधाची बाटली त्याच नळाखाली धरली. उजेडात वर केली.

स्वच्छ. आरपार टिंगूचा चेहरा दिसत होता.

तेरा दिवसांत पहिल्यांदा. काल आणि आजमध्ये काय बदललं होतं? पाऊस नव्हता. वेळ तीच. फक्त निळी मोटर नव्हती.

तेव्हा ते माझ्या डोक्यात शिरलं. टिंगूला ज्यामुळे दवाखान्यात न्यावं लागलं, ते मी पाच मुद्द्यांत, सविस्तर, अर्ज करून मागवलं होतं.

"मग तक्रार कशाची होती?" पाणीवाला विचारत होता. "पाणी तर झकास आहे."

"हेच मी म्हणत होतो," काका म्हणाले. "तरुण मंडळी आहेत, पहिलं मूल आहे, काळजी वाटते. लिहून टाका, तक्रारीत तथ्य नाही."

"काळजी करायला हरकत नाही," तो म्हणाला. पेन काढलं. आणि मग पाइपाकडे वाकला. बोटाने तो चकाकता तुकडा चाचपला. खाली फरशीकडे बघितलं. फरशीवर धुळीत एक स्वच्छ चौकोन होता, आणि चौकोनाच्या चार कोपऱ्यांत बोल्टची चार भोकं.

"इथे काय होतं?"

काकांनी इस्त्रीच्या शर्टाची कॉलर सारखी केली.

"चपलांचं कपाट," काका म्हणाले.

"बोल्ट मारलेलं?"

"चोऱ्या फार होतात," वरच्या वहिनी म्हणाल्या. वहिनींना प्रसंगाला मदत करायची कायम घाई असते.

"पाणी वाहतं त्या खोलीत चपला?" गणिताच्या बाई स्वतःशीच म्हणाल्या, आणि मग जीभ चावली.

पाणीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. "ताई, तक्रार तुमची ना? काय होतं इथे?"

टिंगू माझ्या खिशातला बाटलीचा गळा धरून ओढत होती. मी काकांकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट, एक शांत खात्री होती. त्यांना ठाऊक होतं की मी बोलले तर दुसरं वाक्य माझ्यावरच येणार, आणि माणूस असं दुसरं वाक्य येईल तिथे पहिलंही बोलत नाही.

"मोटर होती," मी म्हटलं. "थेट लाइनवर. मीच बसवायला लावली. गेल्या वर्षी, लेखी. काकांनी माझ्यासाठी बसवली."

काकांची मान खाली गेली. वहिनी म्हणाल्या, "अगं बाई." गणिताच्या बाईंनी चष्मा पुसला.

पाणीवाल्याने फरशीवरच्या एका भोकात पेनाचं टोक घालून बघितलं.

"नाही त्या मोटरचं मी काय जप्त करू?" तो शेवटी म्हणाला. "पंचनामा असलेल्या वस्तूचा होतो. चौकोनाचा होत नाही." मग बाहेर जाऊन रस्त्याकडून येणारा पाइप कुठून येतो ते बघितलं. गटाराच्या चेंबरला खेटून. चेंबरचं झाकण पायाने सरकवून वाकला आणि मला हाक मारली. पाइपच्या जोडावर हिरवट शेवाळ होतं, आणि तिथून पाण्याची बारीक धार चेंबरमध्ये पडत होती.

"बघा. आता पाणी दाबाने आतून बाहेर जातंय, म्हणून तुमचं पाणी स्वच्छ. मोटर लावली की ही धार उलटी. बाहेरचं आत." त्याने बोटाने दोन्ही दिशा दाखवल्या. "रस्त्यावरच्या आमच्या लाइनपासून मीटरपर्यंतचा हा पाइप इमारतीचा असतो. परवानाधारक प्लंबरकडून बदलून घ्या. तोपर्यंत पहिलं पाणी सोडून द्यायचं, उकळून प्यायचं. आणि मोटर..."

तो काकांकडे वळला. "मोटर नाहीच आहे ना?"

"नाहीच आहे," काका म्हणाले.

"छान." त्याने कागदावर लिहिलं. मी खांद्यावरून वाचलं. मला वाचायची सवय आहे. "नमुना घेतला. नळजोड पाइपला गळती. थेट पंपाची जागा आढळली, पंप आढळला नाही. पुनर्तपासणी."

"पुनर्तपासणी कधी?" मी विचारलं.

"ते सांगून येत नाही, ताई. महिन्याभरात कधीही, पाण्याच्या वेळेत."

"हे मी लिहू का? ग्रुपवर?"

त्याने माझ्याकडे निरखून बघितलं. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजाडलं. "ते परिपत्रक तुमचं?"

"हो. पण फिरतंय त्यात एक मुद्दा कमी आहे."

"मला पूर्ण पाठवा," तो आपला नंबर देत म्हणाला. "आमच्या साहेबांना दाखवतो. आम्ही दोन वर्षं हेच लिहायचं ठरवतोय."

त्या दिवशी जिन्यात माझ्याशी फारसं कुणी बोललं नाही. वरच्या वहिनी टिंगूशी बोलल्या, माझ्या अंगावरून. "तुझी आई खरं बोलते हो. बारा वाजता आपल्याकडे पाणी नसेल, पण खरं असेल." दुपारी बाराला खरंच टाकी रिकामी झाली. मी सकाळीच भरलेल्या बादल्या बघत बसले. नवरा ऑफिसातून फोनवर म्हणाला, "मोटर तू मागवलीस, मोटर तू काढवलीस. आता तिसरं काय?"

"आता पाइप," मी म्हटलं.

"मुद्दे किती होतील?"

"एकच."

खरं तर मला भीती वाटत होती. पुनर्तपासणी येईल किंवा येणार नाही. काकांच्या घरात पोत्यात मोटर होती, प्लंबर सांगून ठेवलेला होता, आणि बारा वाजता रिकाम्या टाकीसमोर चौदा घरांची सहनशक्ती किती टिकेल हे मला माहीत होतं. महिन्याभराने एखाद्या सकाळी बाटली पुन्हा चहासारखी होईल आणि मला कळेल की ती परत आली. त्या आधी टिंगू दूध प्यायलेली असेल. रोज बाटली उजेडात धरायची, हे मी किती दिवस करणार होते?

शुक्रवारी सकाळी, गुरुवारच्या बंदनंतरचं पाणी उशिरा, कमी दाबाने, आधी गढूळ आणि मग स्वच्छ येऊन गेल्यावर, ग्रुपवर मेसेज आला. सेक्रेटरीकाकांचा. लांबलचक. काका सहसा दोन शब्दांपलीकडे लिहीत नाहीत.

"सर्व सभासदांस कळविण्यात येते की, सेक्रेटरी यांच्या सततच्या पाठपुराव्यामुळे पाणीपुरवठा खात्याने आपल्या पाण्याचा नमुना तपासून तो पिण्यायोग्य असल्याचे कळविले आहे." त्याखाली माझेच मुद्दे. वेळा, पहिली पाच मिनिटं, ग्राहक क्रमांक, दूषित पाणी, कनिष्ठ अभियंता, उपअभियंता. "दहापंधरा मिनिटं मागेपुढे" सुद्धा परत आलं होतं. "रोज" च्या पुढे कंसात "गुरुवार वगळून". गणिताच्या बाईंचा हात लागला होता. नळजोड पाइप बदलण्याचा विषय रविवारच्या सभेत घेतला आहे, असंही होतं. आणि शेवटी सहावा मुद्दा. आता तो काकांच्या भाषेत होता:

"६. काही सभासदांमध्ये गैरसमज पसरला असल्याने स्पष्ट करण्यात येते की, आपल्या इमारतीत थेट लाइनवर मोटर कधीही नव्हती, सध्या नाही, व यापुढेही बसविली जाणार नाही. हुकुमावरून."

पाच मिनिटांत बारा अंगठे. गुलाबाचं फूल परत आलं. वरच्या वहिनींनी लिहिलं, "अभिनंदन सेक्रेटरी. पाणी किती वाजता?"

नवरा माझ्या खांद्यावरून वाचत होता. "कधीही नव्हती? आणि तू चौघांसमोर कबूल केलंस ते?"

"ते पाणीवाल्याच्या कागदावर गेलंय. पुनर्तपासणी म्हणून."

"तुला राग नाही आला? सगळं तुझं, आणि खाली त्यांचं नाव. वर खोटं."

मी तो मेसेज पुन्हा वाचला. "सध्या नाही, व यापुढेही बसविली जाणार नाही." सेक्रेटरींच्या स्वतःच्या शब्दांत, तारखेसकट, चौदा घरांसमोर. मी दहा मुद्दे लिहून काढले असते तरी मला असं वाक्य मिळालं नसतं.

मी आधी त्याचा स्क्रीनशॉट काढला आणि वहीत वेळ लिहिली, सात बावन्न. मग काकांचा हा पूर्ण मेसेज, सहाव्या मुद्द्यासकट, पाणीवाल्याला पाठवला. आणि मग ग्रुपवर तेरावा अंगठा दिला.

टिंगू खिडकीशी उभं राहायला शिकत होती, बाटल्यांच्या रांगेला धरून. मी एकेक करून चहाच्या बाटल्या मोरीत रिकाम्या केल्या. स्वच्छ तेवढ्या ठेवल्या, बुधवारची आणि आजची. नवऱ्याला चष्म्यापुरती जागा झाली.

"आणि उद्याची बाटली?" त्याने विचारलं.

"उद्याची भरणारच," मी म्हटलं. "हुकूम लिहिणं वेगळं आणि पाइप बदलणं वेगळं. रविवारी सभा आहे."

मी वहीचं नवीन पान उघडलं आणि वर लिहिलं, "पाइप." खाली "१" घातला.